चौकोनी फोटोचा रुंद बॅनर

तेलाच्या बाटलीचा १०२४ पिक्सेलचा चौरस फोटो ३०७२ पिक्सेल रुंद करायचा, तर दोन्ही बाजूंची पार्श्वभूमी एआय मॉडेलकडून नव्याने रंगवून घ्यावी लागते. उजेड डावीकडून असेल, तर भिंत उजवीकडे क्रमाने गडद व्हायला हवी. मॉडेल मात्र बरेचदा दोन्हीकडे सारखाच उजेड पसरवते. खरी मेख इथेच आहे. म्हणून रिकाम्या जागेत आधी हा उतरता रंग ग्रेडियंटने भरतात आणि बदलाची तीव्रता मध्यम ठेवून मॉडेलला त्यावर फक्त पोत चढवू देतात. मास्क मूळ फोटोत थोडा आत घेतात, पण बाटलीला न शिवता; नाहीतर लेबलवरची अक्षरे बिघडतात. कडेला तुटलेली सावली मात्र मास्कमध्ये यायलाच हवी. शेवटी कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवला, की एरवी न दिसणारा सांधा उभ्या पट्ट्यासारखा उमटतो.