दोन्ही विधाने खरी, पण कारण वेगळेच

सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या पत्रिकेत आणि ‘नीट’मध्ये विधान-कारण प्रश्न हमखास असतात. असाच एक प्रश्न पाहू.

विधान: पुण्यात जानेवारीपेक्षा मे महिन्यात जास्त उकडते. कारण: सूर्याभोवती फिरताना पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर बदलत असते.

पर्याय ठरलेले असतात: दोन्ही बरोबर व कारण विधानाचे योग्य स्पष्टीकरण, दोन्ही बरोबर, पण स्पष्टीकरण नाही, विधान बरोबर, कारण चूक, विधान चूक, कारण बरोबर. पुष्कळ मुले इथे पहिलाच पर्याय निवडतात, कारण दोन्ही वाक्ये एका दमात वाचली की मन मध्ये आपोआप ‘म्हणून’ घालते.

त्यामुळे आधी कारणाच्या ओळीवर हात ठेवावा आणि विधान एकटे तपासावे. मे महिना जास्त उष्ण असतो, हे बरोबर. मग विधान झाकून कारण वाचावे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे, अंतर खरोखरच बदलते. तेही बरोबर. खरी परीक्षा यापुढे आहे.

अंतरामुळे उन्हाळा येत असेल, तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा सर्वांत जास्त उकडायला हवे. पण ती सर्वांत जवळ येते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर. शिवाय अंतर तर अख्ख्या पृथ्वीसाठी एकच. मग जानेवारीत पुण्यात थंडी असताना ऑस्ट्रेलियात उन्हाळा कसा? संबंध इथेच तुटतो. खरे कारण म्हणजे पृथ्वीच्या आसाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल. त्यामुळे मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तर जानेवारीत ऊन तिरपे पडते आणि दिवसही लहान असतो. उत्तर: दुसरा पर्याय.

याच प्रश्नात ‘मे महिन्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते’ असे कारण दिले असते, तर तेच चूक ठरून तिसरा पर्याय आला असता. एक वाक्य चूक निघाले की कार्यकारणभाव तपासण्याची गरजच उरत नाही.

आता जुळणारी जोडी पाहू. विधान: उंच डोंगरावर पाणी 100 अंश सेल्सिअसच्या आधीच उकळते. कारण: उंचीवर हवेचा दाब कमी असतो. दोन्ही बरोबर आहेत, पण संबंध पटवायला डोंगर सोडून फक्त दाब बदलून पाहावा. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी सुमारे 120 अंशांवर उकळते. दाब बदलला की उत्कलनबिंदू बदलतो, म्हणून इथे पहिला पर्याय योग्य.

सराव करताना विद्यार्थ्यांनी पर्यायाच्या अक्षरावर थांबू नये. दुसरा पर्याय निवडला, तर खरे कारण कोणते, हे शेजारी एका ओळीत लिहावे. ते लिहिता आले नाही, तर तो धडा पुन्हा वाचायला घ्यावा.