सळईच्या गर्दीत रिकामी जागा कशी शोधायची?

जालना एमआयडीसी म्हणजे सळईचं गाव. कालिका, राजुरी, पोलाद हे ब्रँड इथलेच. यात नवा ब्रँड आणायचाय? मग ‘परसेप्च्युअल मॅप’ काढा: कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा.

‘मजबुती’ ही रेषा नको. बांधकामाच्या सळईला आयएस 1786 हे एकच मानक. सगळे ठिपके एका जागी पडतील. त्याऐवजी घर बांधणाऱ्यांकडून प्रत्येक ब्रँडला 1 ते 10 गुण घ्या: किती महाग वाटतो? थोडा माल घरपोच सहज मिळतो का? सरासरीनुसार ठिपके मांडा.

समजा ‘स्वस्त आणि घरपोच’ हा कोपरा रिकामा दिसला. लगेच उडी नको. गाडीभाडं धरून दर काढा, तो ग्राहकाला विचारा. नकार आला, तर कोपरा रिकामा का, ते कळलं!