आठ कलांचा मंगळ आणि आठ मिनिटांचा गुरू

नोव्हेंबर १९६४मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रिचर्ड फाइनमन यांनी सात व्याख्याने दिली. बीबीसीने ती चित्रित केली, म्हणून आज आपल्याला घरी बसून पाहता येतात. पहिले व्याख्यान गुरुत्वाकर्षणावरचे, तासाभराचे. ते मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी एकच होते. ऐकताना सगळे समजते, पण दुसऱ्या दिवशी कुणाला सांगायला बसलो की हाती सुट्या गोष्टी उरतात. टायको ब्राहेची वेधशाळा, गुरूचे चंद्र, नेपच्यूनचा शोध, पृथ्वीचे वजन. प्रत्येक गोष्ट रंगतदार, पण त्यांना बांधणारा दोरा निसटलेला. या पावसाळ्यात तो दोरा शोधायचाच, असे ठरवून मी त्या व्याख्यानाचा संकल्पना-नकाशा करायला घेतला.

अशा नकाशांचा जन्मही कॉर्नेलमधलाच, आणि ध्वनिमुद्रित केलेल्या बोलण्यातूनच झालेला. जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञानाचे धडे देऊन पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या मुलाखती घेत होते. मुलाच्या मनातली ‘वस्तू कणांची बनलेली असते’ ही समज कशी बदलत गेली, हे त्यांना पाहायचे होते. पण मुलाखतींच्या शब्दांकनाचे गठ्ठे वाचून तो बदल नेमका दिसेना. १९७२च्या सुमारास त्यांनी एकेका मुलाखतीतल्या संकल्पना चौकटींत मांडल्या, चौकटी बाणांनी जोडल्या आणि प्रत्येक बाणावर जोडणारे शब्द लिहिले. पानोपानीचे बोलणे एका कागदावर आले. चौकट, बाण आणि पुढची चौकट हे सलग वाचले की एक पूर्ण विधान झाले पाहिजे, हा त्यातला मुख्य नियम. नुसती रेघ ओढली तर तो नकाशा होत नाही.

मी सुरुवात साध्या टाचणाने केली. पहिल्यांदा ऐकताना कुठेही न थांबता फक्त मुद्दे आणि त्यांची वेळ लिहिली. वीस-बावीस मुद्दे झाले. मग ते मुद्दे आणि पोटमुद्दे असे आत सरकवून मांडले. ही मांडणी दिसायला नीटनेटकी असते, पण तिची एक अडचण लगेच जाणवते. इथे प्रत्येक पोटमुद्द्याला एकच घर मिळते. गुरूचे चंद्र ‘नियमाची पडताळणी’ या मुद्द्याखाली बसवले की ते तिथेच राहतात. पण फाइनमन त्यांच्यावरून प्रकाशाच्या वेगाकडे जातात आणि तिथून एका नियमाच्या आधाराने दुसरा कसा सापडतो, या विचाराकडे. या दोन्ही ठिकाणी जायला वाट हवी. म्हणून टाचणातल्या ओळींना क्रमांक दिले आणि आडव्या जोडण्या क्रमांकानेच लिहिल्या. त्याचा एक तुकडा असा:

```
१ टायको: ग्रहांच्या जागा बारकाईने मोजतो
२ केप्लर: वर्तुळे लावून पाहतो
  २.१ मंगळ ८ कलांनी चुकतो
      ← १ (मोजमापावर विश्वास ठेवायला लावतो)
      → २.२ (वर्तुळ सोडायला लावतो)
  २.२ लंबवर्तुळ
५ गुरूचे चंद्र: ८ मिनिटे पुढे-मागे
      → ५.१ (उलगडतो) प्रकाशाला लागणारा वेळ
```

यातल्या २.१ कडे जरा थांबून पाहू. केप्लरने ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार धरल्या, सूर्य केंद्रापासून थोडा बाजूला ठेवला आणि गणित केले. मंगळाची जागा ८ कलांनी चुकली. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे ३० कला भरते, म्हणजे ही चूक चंद्राच्या साधारण पाव रुंदीएवढी. दुर्बीण नसलेल्या काळात एवढी चूक कुणीही पोटात घातली असती. पण टायकोची मोजमापे इतकी चोख होती की ८ कलांची चूक त्याच्या हातून होणार नाही, असे केप्लरने ठरवले आणि वर्तुळच सोडून दिले. म्हणजे टायकोकडून केप्लरकडे जाणाऱ्या बाणावर ‘नंतर आला’ असे लिहून भागत नाही. टायकोच्या अचूकपणामुळेच तो फरक फरक म्हणून दिसला, हे त्या बाणाने सांगायला हवे.

माझा पहिला खर्डा नेमका इथेच फसला होता. बहुतेक बाणांवर मी ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘संबंधित’ असे शब्द लिहिले होते. नकाशा लांबट साखळीसारखा दिसत होता, प्रत्येक चौकटीत एक बाण आत आणि एक बाहेर. असा आकार दिसला की ओळखावे, आपण वक्त्याच्या बोलण्याचा क्रम उतरवला आहे, मुद्द्यांची जोडणी केलेली नाही. दुसऱ्यांदा ऐकताना मी प्रत्येक बाणापाशी व्हिडिओ थांबवला आणि एकच प्रश्न विचारला: पहिली चौकट पुसून टाकली तर दुसरीचे काय बिघडते? काहीच बिघडत नसेल तर तो बाण काढला. निम्मे बाण असे गेले. उरलेल्यांवर क्रियापदे चढली: भाग पाडतो, तपासतो, मोडतो, पुरवतो.

दुसरी चूक शब्दांनी घडवली. व्याख्यानाच्या शब्दांकनात ‘आठ मिनिटे’ दोन ठिकाणी येतात. इंग्रजीत कलेलाही मिनिटच म्हणतात, त्यामुळे मंगळाची ८ मिनिटे आणि गुरूच्या चंद्रांची ८ मिनिटे मी घाईत एकाच चौकटीत घातली. पहिली कोनाची आहेत, दुसरी घड्याळाची. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना त्याच्या चंद्रांची ग्रहणे सुमारे ८ मिनिटे आधी दिसतात आणि दूर असताना तेवढीच उशिरा, कारण पृथ्वीच्या कक्षेची त्रिज्या ओलांडायला प्रकाशाला तितकी मिनिटे लागतात. शब्द एक असला म्हणून संकल्पना एक होत नाही. मराठीत कला आणि मिनिट असे दोन शब्द आधीपासून असल्याने चौकटी मराठीत लिहिताच ही चूक उघडी पडली.

चौकट फोडली, तरी मंगळ आणि गुरू मला एकमेकांजवळच ठेवावेसे वाटत होते. मग त्यांचे नाते लक्षात आले. दोन्हीकडे गणित एक सांगते, आकाश दुसरेच दाखवते आणि मधला फरक कुणीतरी गांभीर्याने घेतो. लगेच पुढच्या चौकटी डोळ्यांसमोर आल्या. युरेनस गणिताप्रमाणे चालेना. ॲडम्स आणि ले व्हेरिए यांनी वेगवेगळे बसून अदृश्य ग्रहाचे गणित मांडले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. बुधही गणिताप्रमाणे चालेना. तिथे मात्र नवा ग्रह निघाला नाही, आइन्स्टाइनला नियमच दुरुस्त करावा लागला. मंगळ, गुरू, युरेनस आणि बुध हे माझ्या टाचणात चार वेगळ्या जागी होते. ‘तफावत’ असे शीर्षक व्याख्यानात कुठेच नाही. मी ती चौकट मधोमध काढली, चारही ग्रहांचे बाण तिच्यात आणले आणि तिच्यातून चार वेगळे बाण बाहेर काढले. मंगळाच्या तफावतीने कक्षेचा आकार बदलला, गुरूच्या तफावतीने प्रकाशाला वेग दिला, युरेनसच्या तफावतीने ग्रह दिला आणि बुधाच्या तफावतीने खुद्द नियमाला हात घातला. मला हवा असलेला दोरा हाच होता.

यानंतर वरची चौकटही बदलावी लागली. सगळ्यात वर मी ‘गुरुत्वाकर्षण’ लिहिले होते. व्याख्यानात तोच विषय सर्वाधिक येतो. पण शेवटच्या काही मिनिटांत फाइनमन या नियमाच्या तीन गोष्टी सांगतात: तो गणितात मांडलेला आहे, तो पूर्ण अचूक नाही आणि तो साधा आहे. निसर्गनियम कसा असतो, हा त्यांचा खरा प्रश्न आणि गुरुत्वाकर्षण हे त्याचे उदाहरण. म्हणून तो प्रश्न वर गेला आणि ‘तफावत’ थेट ‘पूर्ण अचूक नाही’ या चौकटीला जोडली गेली. व्याख्यानाच्या सुरुवातीचा टायको आणि शेवटचा आइन्स्टाइन यांच्यात आता मोजक्याच बाणांचे अंतर राहिले.

तयार नकाशा मी अकरावीतल्या भाचीला दिला. तिने व्याख्यान पाहिलेले नव्हते, तीच तर गरज होती. ती चौकट-बाण-चौकट मोठ्याने वाचत गेली आणि गुरूपाशी थांबली. बाण म्हणत होता, न्यूटनच्या नियमावर भरवसा ठेवून खगोलशास्त्रज्ञ रोमरने प्रकाशाचा वेळ ओळखला.

“मामा, रोमर कधीचा?”

“१६७६.”

“आणि न्यूटनचं पुस्तक?”

“१६८७.”

“मग भरवसा कशावर ठेवला त्यानं?”

तिचे बरोबर होते. रोमरपुढे गुरूच्या चंद्रांची निरीक्षणांवरून बेतलेली वेळापत्रके होती. न्यूटनचा नियम अजून छापून यायचा होता. फाइनमन यांनी विचाराची साखळी सरळ दिसावी म्हणून गोष्ट तशी सांगितली आहे, आणि त्यांच्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. पण नकाशाचे काय करायचे? तो बाण मी पुसला नाही. नकाशा व्याख्यानाचा आहे, त्यात वक्त्याने केलेली जोडणीच दिसली पाहिजे. शेजारी लाल पेन्सिलीने तुटक बाण काढला आणि त्यावर ‘निरीक्षणांवरून केलेली वेळापत्रके’ असे लिहिले. त्याच लाल रंगात बुधापाशीही एक भर पडली. नेपच्यूनचे गणित करणाऱ्या ले व्हेरिएनेच १८५९मध्ये बुधाची तफावत दाखवली होती आणि तिथेही लपलेला ग्रहच असेल, असे मानले होते. युरेनसला लागू पडलेली किल्ली त्याने बुधालाही लावून पाहिली. कुलूप उघडले नाही.

एक चौकट मात्र अजून बाजूला पडून आहे. दोन इलेक्ट्रॉनांमधले विद्युतबल आणि गुरुत्वबल दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात, पण पहिले दुसऱ्याच्या ४.१७ गुणिले १०चा ४२वा घात इतक्या पटींनी मोठे आहे. एवढा अवाढव्य आकडा कुठून आला, असे फाइनमन विचारतात आणि उत्तर न देता पुढे जातात. त्या चौकटीत ‘साधा नियम’ या चौकटीकडून एक बाण येतो. बाहेर जाणारा बाण मी पेन्सिलीने काढून ठेवला आहे. त्यावर क्रियापद नाही आणि त्याच्या टोकाला चौकटही नाही.