सोयाबीनचा बेवड आणि नत्राचा जमाखर्च

सोयाबीन काढलेल्या रानात गहू किंवा हरभरा चांगला येतो, हा विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा असा आहे. सोयाबीन हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरतं, म्हणून त्याच्या बेवडावर जमिनीतला नत्र वाढतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. नत्र धरला जातो यात शंका नाही. पण जमिनीत किती राहिला हे ठरवायचं तर पोत्यांत भरून बाजारात गेलेला नत्र त्यातून वजा करावा लागतो, आणि ही वजाबाकी सहसा कोणी मांडत नाही.

ती पहिल्यांदा नीट मांडली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. १८३०च्या दशकात अल्सासमधल्या बेशेलब्रॉनच्या शेतावर त्याने रानात पडणारं शेणखत आणि रानातून निघणारं पीक, दोन्ही तोलून त्यांतला नत्र मोजायला सुरुवात केली. पिकांच्या फेरपालटीत क्लोव्हरचं पीक असलं की खतातून आलेल्या नत्रापेक्षा पिकांतून निघालेला नत्र जास्त भरायचा. जादा नत्र येतो कुठून, हे कोडं मुळांच्या गाठींतल्या जिवाणूंपर्यंत पोचायला पुढे पन्नासेक वर्षं लागली. १८८०च्या दशकात हेल्रीगेल आणि विल्फार्थ यांनी ते सोडवलं. कोडं पडलं होतं ते मात्र हिशेबामुळे.

तोच हिशेब आपण काळ्या जमिनीच्या एका एकराला लावू. खरिपात सोयाबीन, रब्बीत ओलिताचा गहू. पुढचे आकडे एखाद्या विशिष्ट शेताचे नाहीत; अशा पिकांत सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या प्रमाणांवरून काढलेले आहेत.

एकरी ८ क्विंटल सोयाबीन झालं असं धरू. सोयाबीन म्हणजे प्रथिनांचं कोठार, आणि प्रथिनांचा साधारण सहावा हिस्सा नत्र असतो. त्यामुळे या ८ क्विंटल दाण्यात जवळपास ४६ किलो नत्र भरतो. मळणीनंतरचं कुटार बांधावर किंवा गोठ्यात गेलं तर आणखी ८ किलो. कापणीआधी गळून पडलेली पानं रानातच राहतात, त्यामुळे ती खर्चात धरायची नाहीत. एकूण खर्च ५४ किलो.

आता जमेची बाजू. मुळं धरून सगळ्या झाडांत मिळून ७२ किलोंच्या आसपास नत्र असतो. जगभरच्या मोजणीत सोयाबीन आपल्या गरजेचा सरासरी ५० ते ६० टक्के नत्र हवेतून घेतं, उरलेला जमिनीतून. म्हणजे गाठींनी आणलेले सुमारे ४० किलो. पेरणीच्या खतातून १२ किलो, पावसाच्या पाण्यातून किलो-दोन किलो. बेरीज तीही ५४. पावसाळ्यात पाझरून आणि वायू होऊन जाणारे सहा-सात किलो धरले, की ज्या पिकाने जमीन समृद्ध केली म्हणतो त्याच पिकाने वर्ष थोडं तोट्यात काढलेलं असतं.

मग बेवड चांगला का वाटतो? ज्वारी सगळा नत्र जमिनीतून उचलते. सोयाबीन निम्मी गरज हवेतून भागवतं, तेव्हा जमिनीतला नायट्रेट कमी ओढतं. शिवाय ज्वारीची धसकटं कुजताना जिवाणू आजूबाजूचा नत्र स्वतःच्या शरीरात अडकवून ठेवतात, तर सोयाबीनची नत्रयुक्त पानं आणि मुळं भराभर कुजून तो मोकळा करतात. पुढच्या पिकाच्या तोंडाशी नत्र वेळेवर येतो, एवढाच याचा अर्थ. साठा वाढला असा नाही. तूर याहून सरळ हिशेबाची. तिच्या दाण्यात प्रथिनं सोयाबीनच्या निम्म्याच्या आसपास, आणि पानगळ भरपूर.

सगळ्या हिशेबात सर्वांत डळमळीत आकडा आहे तो गाठींचा. हवेत ७८ टक्के नत्र असतो, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. ते सोडवायला जिवाणूंना प्रचंड ऊर्जा लागते, आणि ती झाड आपल्या साखरेतून पुरवतं. म्हणून झाड हा व्यवहार गरजेपुरताच करतं. मातीत आयता नायट्रेट मिळाला की गाठी कमी धरतात. युरिया जास्त पडलेल्या सोयाबीनच्या मुळ्या पाहिल्या तर हे डोळ्यांना दिसतं. पावसाने ताण दिला की पानं कोमेजण्याच्या आधी गाठींचं काम मंदावतं. त्यात सोयाबीन आपल्याकडे बाहेरून आलेलं पीक. नव्या रानात त्याचे जिवाणू नसतातच, म्हणून बियाण्याला जिवाणू खत चोळायचं. काम चाललंय की नाही हे फुलोऱ्याच्या सुमारास झाड मातीसकट उपटून, गाठ नखाने फोडून पाहावं. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

रब्बीत गव्हाला शिफारशीप्रमाणे एकरी ४८ किलो नत्र दिला, तर तो युरियाच्या ४५ किलोंच्या सव्वादोन पोत्यांपेक्षा थोडा जास्त भरतो. या ४८ किलोंचं काय होतं हे शोधायला शास्त्रज्ञ जड नत्र वापरतात. नत्र-१५ या समस्थानिकाची खूण केलेला युरिया घालायचा आणि कापणीला ती खूण पिकात किती, मातीत किती हे मोजायचं. हिशेब साधारण असा निघतो: २० किलोंच्या आसपास पिकात, १२ मातीत, आणि १६ किलो कुठेच सापडत नाहीत.

त्या सोळांपैकी काही पहिल्या आठवड्यातच गेलेले असतात. युरियाचा दाणा ओल्या मातीवर पडला की मातीतलं युरिएज हे विकर त्याचा अमोनियम कार्बोनेट करतं आणि दाण्याभोवतीची माती तेवढ्यापुरती आणखी अल्कधर्मी होते. आपली काळी चुनखडीयुक्त जमीन आधीच सामू ८ च्या आसपासची. अशा ठिकाणी अमोनियम मातीला चिकटून न राहता अमोनिया होऊन उडतं. पाणी देऊन, वापसा आल्यावर युरिया फेकायची पद्धत या दृष्टीने फार महागडी आहे, कारण दाणे विरघळायला ओल पुरेशी असते पण त्यांना खाली न्यायला पाणी नसतं. भारी जमिनीत युरिया आधी आणि पाणी लगेच मागून दिलं, तर न फुटलेला युरिया पाण्याबरोबर चार-पाच सेंटिमीटर खाली उतरतो आणि तिथे तयार झालेलं अमोनियम चिकणमातीचे कण धरून ठेवतात. पोत्यावर कडुनिंबाचं चित्र आहे म्हणून हे टळेल अशी समजूत असते, पण निंबाचा लेप पुढची पायरी लांबवतो, म्हणजे अमोनियमचा नायट्रेट होणं. अमोनिया उडण्यावर त्याचा भरवसा धरू नये.

नायट्रेट झालं की धोका बदलतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं. मोजायला हा तोटा त्यातल्या त्यात सोपा आहे. १०० मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली उतरलं आणि त्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र असला, तर एकरी ४ किलो गेले. लिटरमागे एवढा नत्र म्हणजे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. पिण्याच्या पाण्याची आपल्याकडची मर्यादा ४५ आहे. शेतकऱ्याला चार किलो किरकोळ वाटतील, पण तेच पाणी गावाच्या विहिरीला मर्यादेच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवतं. काळ्या जमिनीतून पाझर कमी, असं म्हणतात ते ओली जमीन फुगल्यावर खरं. भेगा पडलेल्या रानात पहिलं पाणी भेगांवाटे सरळ खाली जातं आणि वरचं नायट्रेट सोबत नेतं.

पाणी साचलं तर तिसरी वाट उघडते. प्राणवायू संपला की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून श्वसन करतात आणि नत्र पुन्हा हवेत सोडतात. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो. घातलेल्या खताच्या सुमारे एक टक्का धरला तर आपल्या एकरात अर्धा-पाऊण किलो. शेतीच्या खर्चात तो नगण्य, पण हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. बाकीचा मोठा भाग साधा नत्रवायू होऊन जातो आणि तो शेतात मोजणं फार अवघड. हवेतच ७८ टक्के नत्र असताना मातीतून आलेले चार किलो वेगळे ओळखायचे कसे? म्हणून बहुतेक हिशेबांत हा आकडा मोजलेला नसतो. सगळं वजा करून जे उरतं ते याच्या नावावर टाकतात, आणि बाकीच्या मोजणीतल्या चुकाही त्याच रकान्यात जाऊन बसतात. नत्राचे ताळेबंद वाचताना मी सर्वांत आधी तो रकाना पाहतो.

आता वर्षाची बेरीज. जमा: गाठी ४०, खतं १२ आणि ४८, पाऊस ४, एकूण १०४. खर्च: सोयाबीनचे ५४, १४ क्विंटल गव्हाच्या दाण्यात २७ आणि काडात ९, दोन्ही हंगामांचे निसटलेले २३ किलो. एकूण ११३. तूट ९ किलो. गाठींनी ५५ ऐवजी ६५ टक्के गरज भागवली तर तूट जवळपास भरून निघते. पावसाच्या ताणाने ४० टक्क्यांवर आल्या तर ती २० किलोंवर जाते. एका अंदाजावर सगळं पारडं फिरतं, आणि तो अंदाज शेतागणिक, सालागणिक बदलतो.

माती परीक्षणात ही तूट दिसेल का? एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ९ लाख किलो माती असते. तीत अर्धा टक्का सेंद्रिय कर्ब धरला तर नत्र ४५० किलोंच्या आसपास भरतो, बहुतेक सगळा सेंद्रिय पदार्थांत अडकलेला. नऊ किलो म्हणजे त्याचे दोन टक्के. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतल्या नमुन्यांत याहून मोठा फरक पडतो. म्हणून असे बदल दशकानुदशकं चालणाऱ्या प्रयोगांतच कळतात. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडचं ब्रॉडबाल्कचं रान १८४३ पासून असंच सांभाळलं आहे. आपल्याकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर असा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तिथे नुसता नत्र मिळालेली रानं मागे पडतात आणि रासायनिक खतांसोबत शेणखत मिळालेल्या रानांचा कर्ब वर राहतो.

आपल्या एकरात शेतकऱ्याच्या हातातली सर्वांत मोठी नोंद कुटार आणि काडाची आहे: दोन्ही मिळून १७ किलो, तुटीच्या जवळजवळ दुप्पट. पण तो चारा आहे, आणि बैल-म्हशींना काय घालायचं हा प्रश्न हिशेबाच्या वहीने सुटत नाही. जनावराच्या पोटात गेलेल्या नत्रातला बहुतेक भाग शेण आणि मूत्रातून परत येतो. त्यातल्या मूत्रातला नत्र मुख्यतः युरियाच्याच रूपात असतो, म्हणून तो गोठ्याच्या जमिनीवर आणि उघड्या उकिरड्यावर अमोनिया होऊन उडतो, शेतातल्या युरियासारखाच. गोठ्यात काड किंवा माती अंथरून मूत्र शोषून घेतलं आणि उकिरडा झाकून ठेवला, तर त्या १७ किलोंतले निम्मे तरी रानात परतण्याची शक्यता राहते.