रॅकमधले नग आणि संगणकातले नग

पुणे-पिंपरी पट्ट्यात बेअरिंग विकणारी अनेक दुकाने आहेत. त्यांपैकी एखाद्या मध्यम आकाराच्या दुकानाचे गोदाम उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. उंच लोखंडी रॅक, त्यांवर ओळीने लावलेले खोके आणि कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक. कोणता माल किती आहे, हे दोन ठिकाणी कळते: संगणकाच्या पडद्यावर आणि रॅकमध्ये. हे दोन आकडे एकच असायला हवेत, पण बऱ्याचदा ते नसतात.

ही अडचण केवळ छोट्या दुकानांची नाही. निकोल डीहोरेशस आणि अनंत रमण या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार साठा-नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ६५ टक्के नोंदींमध्ये संगणकातला आकडा प्रत्यक्षातल्या मालाशी जुळत नव्हता.

पूर्वी यावर एकच उपाय असे. मार्चअखेर शटर खाली ओढायचे आणि सगळा माल एकदम मोजायचा. पण ऑगस्टमधली चूक मार्चमध्ये सापडली, तर तिचे मूळ कोण शोधणार? म्हणून फिरती मोजणी, म्हणजेच ‘सायकल काउंट’ आली. रोज किंवा आठवड्याला थोडेथोडे कप्पे मोजायचे, महागडा माल वारंवार आणि स्वस्त माल वर्षातून एकदोनदा. प्रत्येक फेरीनंतर जो तक्ता निघतो, तो तफावत अहवाल. त्यात मालाचे नाव, कप्पा, संगणकातले नग, मोजलेले नग, फरक, प्रतिनग दर आणि फरकाची रक्कम असते. शेवटचा रकाना कारणाचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच कोरा सोडला जातो.

आपल्या गोदामातली एक फेरी पाहू. सकाळी व्यवहार सुरू होण्याआधी मोजणीच्या यादीतल्या मालाचे संगणकातले आकडे त्या क्षणापुरते गोठवून ठेवले. मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर मात्र ते आकडे मुद्दाम छापले नाहीत. समोर ‘२४०’ लिहिलेले दिसले, की थकलेल्या माणसाला २४०च मोजल्यासारखे वाटते.

पाच ओळींवर फरक निघाला. ६२०४ झेडझेड हे पत्र्याच्या झाकणाचे बेअरिंग संगणकात २४० आणि कप्प्यात २१० होते. ३० नग कमी, दर ११० रुपये, म्हणजे ३,३०० रुपयांची तूट. त्याच मापाचे, पण रबरी सीलचे ६२०४ टू-आरएस १५०ऐवजी १८० भरले. ३० नग जास्त, दर ११८, म्हणजे ३,५४० रुपयांची वाढ. ग्रीसचे एक किलोचे डबे ९६ असायला हवे होते, मोजणीत ८ आले. ३५० रुपये दराने ही तूट ३०,८०० रुपयांची. व्ही-बेल्ट ६०ऐवजी ८५, म्हणजे २८० रुपये दराने ७,००० रुपयांची वाढ. आणि २२२१२ हे मोठे रोलर बेअरिंग १२ऐवजी १०. दर ३,६००, तूट ७,२०० रुपयांची.

बेरीज-वजाबाकी केली की ३०,७६० रुपयांची तूट दिसते. हा आकडा पाहून मालकाच्या कपाळाला आठ्या पडतील आणि पहिला संशय गोदामात काम करणाऱ्या पोरांवर जाईल. इथेच थांबायला हवे. अहवाल हाती आल्यावरचे पहिले काम म्हणजे फेरमोजणी, आणि तीही दुसऱ्या माणसाकडून.

फेरमोजणीत ग्रीसची तूट क्षणात विरघळली. एका खोक्यात १२ डबे असतात; मोजणाऱ्याने डबे न मोजता ८ खोकी मोजली होती. आठ गुणिले बारा बरोबर ९६. ग्रीस कुठेही गेलेले नव्हते. फरक खोक्यातल्या नगांच्या पटीत जवळपास बसला किंवा मोजलेला आकडा भागाकाराने नेमका जुळला, तर आधी एककाची चूक तपासावी.

व्ही-बेल्टच्या वाढीने मात्र कोणी खूश होऊ नये. जास्तीचा माल आकाशातून पडत नाही. हे २५ बेल्ट आदल्या संध्याकाळी टेम्पोतून उतरले, रॅकवर लागले, पण पुरवठादाराच्या चलनाची आवक-नोंद झालीच नव्हती. घाईने संगणकातला साठा ८५ केला असता आणि दुसऱ्या दिवशी चलनही नोंदवले असते, तर संगणकात ११० बेल्ट दिसले असते. चूक दुरुस्त करण्याच्या नादात नवी चूक झाली असती.

या अहवालातली सर्वांत बोलकी जागा म्हणजे ६२०४ची जोडी. एकीकडे ३० कमी, दुसरीकडे नेमके ३० जास्त. दोन्हींची निव्वळ रक्कम अवघी २४० रुपये. फक्त निव्वळ रक्कम पाहणारा माणूस ‘किरकोळ आहे’ म्हणून पान उलटेल. पण संगणकावर विश्वासून कोणी २४० झेडझेड देण्याचा शब्द दिला, तर ३० नग कमी पडतील. म्हणून निव्वळ रकमेशेजारी उणे-अधिक चिन्हे सोडून केलेली बेरीजही लिहायला हवी. या फेरीत ती ५१,८४० रुपये येते. निव्वळ रक्कम हिशेबाला काय फटका बसला हे सांगते, तर चिन्हे सोडून केलेली बेरीज नोंदी किती विस्कटल्या आहेत ते सांगते.

मग ३० नगांचा व्यवहार शोधला. तो मागच्या आठवड्यातल्या आवकेत सापडला: पुरवठादाराच्या बिलावर टू-आरएस, संगणकात झेडझेड. चूक विक्रीच्या वेळी झाली असती, तर उपाय वेगळा होता. मग चुकीचा माल ग्राहकाकडे गेला असता आणि त्याला फोन करावा लागला असता. इथे आवक-नोंद दुरुस्त करणे पुरेसे होते.

उरले २२२१२चे दोन नग. फेरमोजणीतही दहाच. बिले, चलने, परत आलेला माल, वॉरंटीत बदलून दिलेले नग, सगळे तपासूनही दोन नगांचा पत्ता लागला नाही. ३०,७६० रुपयांच्या तुटीतली खरी तूट इतकीच, ७,२०० रुपयांची.

ही रक्कम खरेदीच्या खर्चाने धरायची, छापील किंवा विक्रीच्या किमतीने नव्हे. कारण गमावला तो दुकानाने मोजलेला पैसा. न झालेल्या विक्रीचा नफा नाही. शिवाय हरवलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार परत करावी लागते. १८ टक्के दर धरला तर ती १,२९६ रुपये होते आणि दोन बेअरिंगांचा एकूण भुर्दंड ८,४९६ रुपयांवर जातो. तफावत अहवालात कराचा रकाना नसल्याने हा भाग अनेकदा सुटतो.

कारण सापडले नाही, तर रकान्यात ‘मोजणीतील फरक’ असे गोलमाल शब्द लिहू नयेत. ‘कारण सापडले नाही’ असेच लिहावे, साठा मालकाच्या सहीनेच कमी करावा आणि २२२१२ पुढच्या आठवड्याच्या मोजणीच्या यादीत पुन्हा घ्यावे.