‘यू’ आकाराचा वर्ग: फोटो कुठून काढायचा?

२०२४च्या ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ या मल्याळम चित्रपटानंतर केरळमधल्या काही शाळांनी वर्गातल्या रांगा मोडून बाक यू आकारात मांडले. त्याचे फोटो देशभर फिरले. पण असे फोटो बहुधा फळ्याजवळ किंवा दारात उभे राहून काढलेले असतात. तिथून वर्ग सुटसुटीत दिसतो. मुलांना काय दिसतं ते मात्र कळत नाही.

वीस फूट रुंद, चोवीस फूट लांब खोली, छत्तीस मुलं आणि दोघांचे अठरा बाक असा वर्ग घेऊ. मुलांच्या डाव्या हाताला खिडक्या आहेत. रांगा आणि यू अशा दोन्ही मांडण्यांचे फोटो एकाच वेळी, एकाच फोनने काढायचे. वाइड लेन्स टाळायची, कारण तिच्यात वाटा आहेत त्यापेक्षा रुंद दिसतात.

पहिला फोटो फळ्यापाशी, शिक्षकांच्या डोळ्यांच्या उंचीवरून. त्यात चेहरे मोजायचे. रांगांमध्ये मागचे काही चेहरे पुढच्यांच्या आड जातात. यूमध्ये सगळे दिसतील असं वाटतं. पण या खोलीत भिंतींलगत जेमतेम दहा बाक मावतात. उरलेल्या आठांची आत दुसरी ओळ करावी लागते आणि तिच्यामागे पुन्हा चेहरे झाकले जातात.

दुसरा फोटो दारातून, मुलं बसलेली असताना. फरशी एक फुटाची असेल तर वाटेतल्या फरश्या मोजल्या की रुंदी कळते. रांगांमध्ये दोन सरळ वाटा मिळतात. दोन ओळींच्या यूमध्ये मधली जागा मोठी दिसते, पण बाहेरच्या ओळीतल्या मुलाला निघताना शेजाऱ्याला उठवावं लागतं.

तिसरा फोटो सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच राहून जातो. खिडकीसमोरच्या, म्हणजे उजव्या भिंतीलगतच्या, पुढच्या बाकावर बसून फळ्याचा फोटो काढायचा. डावीकडून येणारा उजेड फळ्यावर आपटून उजवीकडे परततो, त्यामुळे चकाकी तिथेच बसते. खिडकीलगतच्या मुलाला तोच फळा स्वच्छ दिसतो. व्हाइटबोर्डवर हा त्रास अधिक, खडबडीत काळ्या फळ्यावर कमी. फोन आपोआप उजेड सावरून चकाकी झाकतो, म्हणून एक्स्पोजर लॉक करायचं. सकाळी आणि दुपारी असे दोन्ही वेळचे फोटो हवेत.

यूच्या उजव्या बाजूला दुहेरी त्रास होतो. समोर खिडकी डोळ्यांवर येते आणि मान वळवली की फळा चकाकतो. खिडक्या एकेक करून झाकून पाहिल्या की दोषी खिडकी सापडते. बहुधा फळ्याजवळच्या एखाद-दोन खिडक्यांना पडदा पुरतो. फळ्याची वरची कड थोडी पुढे झुकवली तरी फरक पडतो.

या खोलीपुरता निर्णय सोपा आहे. फळ्यावर लिहायच्या तासाला रांगा, चर्चेच्या तासाला यू. तुमच्या शाळेत बाक हलवायचे ठरत असेल, तर आधी उजव्या कोपऱ्यातल्या त्या बाकावर स्वतः बसून फळा वाचून पाहा.