पडद्यावरची मिनिटे आणि घड्याळातली मिनिटे

अश्लील चित्रफितींमध्ये समागम वीस-तीस मिनिटे अखंड चाललेला दिसतो आणि तेवढा वेळ टिकणे हीच पुरुषाची सर्वसाधारण क्षमता होय, असा समज त्यातून तरुणांमध्ये रुजतो. प्रत्यक्षात असे दृश्य अनेक तुकड्यांत चित्रित केलेले असते. मधली विश्रांती संकलनात कापली जाते आणि ताठरता टिकवण्यासाठी काही कलाकार औषधांचाही आधार घेतात. नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका येथील सुमारे 500 जोडप्यांनी घरच्या घरी स्टॉपवॉच लावून केलेल्या नोंदी वाल्डिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केल्या. योनिप्रवेशापासून वीर्यस्खलनापर्यंतच्या वेळेचा मध्यक त्यांत 5.4 मिनिटे आला. म्हणजेच निम्म्या पुरुषांचा वेळ याहूनही कमी होता.

अशा मोजमापांचा उपयोग निदानातही होतो. पहिल्या संबंधापासून जवळजवळ प्रत्येक वेळी सुमारे एका मिनिटाच्या आत स्खलन होणे, ते लांबवता न येणे आणि त्याचा मनस्ताप होणे या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच त्याला आजीवन शीघ्रपतन म्हणतात. चार मिनिटांत स्खलन होणारा, एरवी निरोगी तरुण या व्याख्येत बसत नाही. तरीही तो स्वतःला रुग्ण समजून बधिरता आणणारा फवारा वापरू लागला, तर त्याची स्वतःची संवेदना मंदावते आणि औषध जोडीदाराच्या अंगाला लागून तिलाही बधिरता येऊ शकते. शिवाय ‘जमेल ना’ या धास्तीने शरीरात ॲड्रिनलिन वाढते, शिश्नाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ताठरता कमी होते, त्यामुळे नसलेली अडचण खरोखरच उभी राहते.

आकाराबद्दलचा न्यूनगंडही असाच निवडक नमुन्यातून येतो, कारण कलाकारांची निवडच मुळी आकार पाहून होते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी घेतलेल्या मापांच्या 2015 मधील एकत्रित विश्लेषणात ताठर शिश्नाची सरासरी लांबी 13.12 सेंटिमीटर आढळली.

संमतीबाबतचा गैरसमज मात्र सर्वांत घातक म्हणावा लागेल. काय करायचे आणि काय नाही, हे कलाकारांनी चित्रीकरणाआधी ठरवलेले असले, तरी ती बोलणी प्रेक्षकाला दिसत नाहीत आणि न विचारता केलेली कृती आवडतेच, एवढेच त्याच्या मनावर ठसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 नुसार मात्र संमती स्वेच्छेची, निःसंदिग्ध आणि त्या विशिष्ट कृतीपुरती असावी लागते. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती गृहीत धरता येत नाही. (पत्नीच्या बाबतीत हेच कलम अपवाद करते, ही त्याची मोठी उणीव आहे.) चित्रफितीत पाहून जोडीदाराचा गळा दाबणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी: मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह अडला, तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि तिने आधी होकार दिलेला असला, तरी तो मागे घेण्याची क्षमताच तिच्याजवळ उरत नाही.